बीपीवाल्यांची लघवीची एसीआर तपासणी: माझा आकडा ८६ आला, पण नमुना तरी नीट दिला होता का?

अंत्रुजकार (फोंडा), २४ मार्च

मंडळी, वय ५२. सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, अॅम्लोडिपिन ५. मधुमेह नाही. यंदा डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी नेहमीच्या रक्ताच्या तपासण्यांबरोबर लघवीची एसीआरही लिहून दिली, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचा रेशो. सहा वर्षांत ही कोणी सांगितली नव्हती.

रक्तातलं क्रिएटिनिन ०.९, त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग म्हणजे ईजीएफआर चांगला, लघवीच्या साध्या तपासणीत 'प्रोटीन: निल'. आणि त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन ११८ मिलिग्रॅम प्रति लिटर, क्रिएटिनिन १३७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, रेशो ८६. नॉर्मल ३० च्या आत. म्हणजे एकाच लघवीत प्रोटीन नाही आणि आहेसुद्धा? डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी आहेत, तोवर झोप लागायची नाही.

सुशेगाद, २४ मार्च

घाबरू नको रे. डबी देण्याआधी दोन तांबे पाणी पी आणि परत दे. लघवी पातळ झाली की आकडा आपोआप खाली येतो. माझ्या मेहुण्याचा असाच आला होता खाली.

काणकोणी, २४ मार्च

क्रिएटिनिन ०.९ असताना कसली काळजी? आमच्या बाजूला चार-पाच क्रिएटिनिनवाले डायलिसिसला फेऱ्या मारतात. तुमच्या कागदावर १३७ छापलंय ती छपाईची चूक असणार. १३७ क्रिएटिनिनचा माणूस जिवंत राहील का?

लॅबवाली_म्हापसा, २४ मार्च

काणकोणी, छपाई बरोबर आहे. ०.९ हे रक्तातलं, १३७ हे लघवीतलं. मूत्रपिंडाचं कामच रक्तातलं क्रिएटिनिन उचलून लघवीत टाकायचं, मग तिथे ते शंभर-दीडशेपट दाट असणारच. आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी हा घोटाळा होतो.

सुशेगादभाऊ, तुमच्या मेहुण्याचं काय झालं माहीत नाही, पण पाणी पिऊन ही तपासणी फसत नाही. त्यासाठीच तर क्रिएटिनिनने भागतात. सोलकढीत पाणी घातलं तर आमसुलाचा रसही पातळ होतो आणि नारळाचा रसही, पण दोघांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. तसंच इथे. अंत्रुजकारांचं गणित बघा: लिटरमध्ये ११८ मिलिग्रॅम अल्ब्युमिन, आणि १३७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमध्ये १.३७ ग्रॅम क्रिएटिनिन. ११८ भागिले १.३७, आले ८६. दुप्पट पाणी प्यायले असते तर ५९ आणि ०.६८५ झाले असते. भागून बघा, पुन्हा ८६. उलट लघवी अगदी पाण्यासारखी झाली तर दोन्ही आकडे इतके लहान होतात की यंत्राची बारीक चूकही रेशोत मोठी दिसते. तेव्हा मुद्दाम पाणी ढोसून येऊ नका.

आता 'प्रोटीन निल' कसं? साध्या तपासणीची पट्टी अल्ब्युमिन बरंच वाढल्याशिवाय रंग बदलत नाही. पातळ लघवीत तर आणखी उशिरा. ११८ तिच्या नजरेतून सहज निसटतं. पट्टी खोटं बोलली नाही, तिला तेवढं बारीक दिसत नाही.

बाकी मला एकच विचारायचंय. नमुना कधी आणि कसा दिलात?

अंत्रुजकार, २५ मार्च

आता सांगायला लाज वाटते. आदल्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या रोमटामेळात होतो. शिगमो म्हटल्यावर ढोल गळ्यात अडकवून साडेतीन-चार तास वाजवत, नाचत फिरलो. रात्री एकला घरी. सकाळी उठून प्रातर्विधी, चहा, पाव-भाजी, मग स्कूटरवरून लॅबमध्ये. साडेअकरा वाजता त्यांनी डबी हातात दिली आणि "तिकडे जा" म्हणाले. ना काही विचारलं, ना काही सांगितलं. त्याच दिवशी दवाखान्यात बीपी १५२/९४ भरलं.

लॅबवाली_म्हापसा, २५ मार्च

मग ८६ वर अजून शिक्का मारू नका. चार तास ढोल म्हणजे भरपूर व्यायाम, आणि जोरदार श्रमानंतर निरोगी माणसाच्या लघवीतही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. साधारण २४ तासांत उतरतं, कधी थोडं जास्त. त्यात सकाळपासून उभं राहून, चालून-फिरून दिलेली लघवी. काहींच्या लघवीत उभं असताना अल्ब्युमिन जास्त येतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. म्हणून पहाटेची पहिली लघवी सगळ्यांत विश्वासाची. बीपी चढलेलं होतं हे तिसरं.

एक आठवडा जाऊ द्या आणि असं करा. आदल्या दोन दिवसांत ढोल नाही, जिम नाही, फुटबॉल नाही. रात्री झोपताना लघवी करून मूत्राशय रिकामं करा. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या पहिली लघवी. पहिली धार कमोडमध्ये सोडा, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा बाहेर. १० ते २० मिलिलिटर पुरे, डबी गळ्यापर्यंत भरायची गरज नाही. डबी आदल्या दिवशीच लॅबमधून निर्जंतुक आणायची. घरातली औषधाची किंवा लोणच्याची बाटली धुऊन आणू नका, कितीही चकचकीत असली तरी. २४ तासांच्या लघवीसाठी आम्ही कधी कधी आम्ल घातलेला कॅन देतो, तो इथे चालत नाही. झाकण पक्कं लावा, वर नाव आणि घेतल्याची वेळ लिहा.

दोन तासांत लॅबमध्ये पोचत असेल तर उत्तम. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत येऊ नका. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. गोठवलेल्या लघवीत अल्ब्युमिनचा काही भाग साका होऊन खाली बसतो आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो.

तिखटमीठ (मडगाव), २५ मार्च

ताई, आम्हा बायकांचं सांगा ना. मला याच महिन्यात द्यायची आहे आणि पाळीची तारीख जवळ आलीय.

लॅबवाली_म्हापसा, २५ मार्च

पाळीत देऊ नका. संपल्यावर दोन-तीन दिवस थांबा. रक्तात अल्ब्युमिन भरपूर असतं, त्याचे थेंब मिसळले तर आकडा मूत्रपिंडाचा राहत नाही. पांढरं जात असेल तर आधी साध्या पाण्याने धुऊन, पुसून, मग मधली धार घ्या. साबणाचा फेस डबीत जाता कामा नये. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर आधी तो बरा करून घ्या, नमुना नंतर. पुरुषांसाठीही एक, कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: आदल्या रात्री वीर्यस्खलन झालं असेल तर पहिल्या धारेत त्याचा अंश येऊ शकतो आणि त्यातही प्रथिनं असतात. एक दिवस सोडून द्या.

सुशेगाद, २६ मार्च

एवढी सोवळंओवळं पाळण्यापेक्षा २४ तासांची लघवी सरळ जमवून द्यावी. तीच खरी तपासणी, बाकी सगळी लॅबवाल्यांची सोय. आमच्या वडिलांची तशीच करायचे.

वैद्यबुवा (निवृत्त, पणजी), २६ मार्च

सुशेगाद, अर्धं बरोबर आहे. पूर्वी मोजमाप तिच्यावरच होतं, आणि ३० चा उंबरठाही दिवसाला ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन यावरूनच आला. माणूस दिवसाला साधारण एक ग्रॅम क्रिएटिनिन बाहेर टाकतो, म्हणून एका ग्रॅममागे ३०. पण चाळीस वर्षांत माझ्याकडे पूर्ण भरलेला २४ तासांचा कॅन फार थोडे घेऊन आले. कोणी दुपारची विसरतो, कोणी ऑफिसमधली. एक लघवी चुकली की सगळा हिशोब चुकतो.

एसीआर बीपीत का बघायची, तेही सांगतो. मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की त्यांच्यावर आतून दाब येतो, अस्तर खराब होतं आणि अल्ब्युमिन झिरपायला लागतं. ही गळती रक्तातलं क्रिएटिनिन हलायच्या बरीच आधी दिसू शकते, कारण मूत्रपिंडाचा शिल्लक साठा मोठा असतो आणि उरलेले गुच्छ जास्त काम ओढतात. हीच गळती सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांची अवस्थाही सांगते, म्हणून हृदयविकाराच्या धोक्याशी तिचा संबंध आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या बीपी मार्गदर्शिकेत ही तपासणी ऐच्छिक होती, २०२५ च्या मार्गदर्शिकेत ती सगळ्या बीपीवाल्यांसाठी आली. युरोपवाले त्याआधीच सांगत होते. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनी ती फक्त मधुमेहींना लिहिली. त्यात मीही आलो.

'मायक्रोअल्ब्युमिन' या नावाला मात्र भुलू नका. त्यात बारीक अल्ब्युमिन वगैरे काही नसतं, अल्ब्युमिन तेच, फक्त थोडं. काही लॅब त्या नावाखाली नुसता प्रति लिटरचा आकडा छापतात आणि क्रिएटिनिन मोजतच नाहीत. त्या कागदाचा फारसा उपयोग नाही.

काणकोणी, २७ मार्च

बुवा, मग आमच्या भागातल्या लोकांची ही तपासणी करून आधीच कळेल का? तिथे बीपी नाही, साखर नाही, तरी क्रिएटिनिन चढतं. माझा चुलतभाऊ तसाच गेला. त्याच्या लघवीत प्रोटीन जवळजवळ नव्हतंच.

वैद्यबुवा, २७ मार्च

वाईट वाटलं वाचून. तुम्ही म्हणता तिथेच ही तपासणी अपुरी पडते. काणकोणात वर्षानुवर्षं ज्या किडनी विकाराचं कारण शोधलं जातंय, तशा विकारात बिघाड प्रामुख्याने गाळण्याच्या गुच्छांत नसून पुढच्या नलिकांत असतो. अल्ब्युमिन शेवटपर्यंत थोडंच राहू शकतं. म्हणून तिथे एसीआर चांगली आली तरी निश्चिंत व्हायचं नाही, रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर दरवर्षी बघायचं. बीपीवाल्यालाही दोन्ही लागतात.

अंत्रुजकार, ४ एप्रिल

काल परत दिली. सगळं सांगितल्याप्रमाणे, पहाटे साडेपाचची. अल्ब्युमिन ५२, क्रिएटिनिन १२४, रेशो ४२. म्हणजे निम्मा ढोल होता म्हणायचं?

लॅबवाली_म्हापसा, ४ एप्रिल

मोह होतो तसं म्हणायचा, पण ढोल किती, दुपारची वेळ किती, बीपी किती, हे वेगळं काढता येणार नाही. आणि काहीही न बदलता एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक बराच हलतो. ४२ हा मात्र नीट घेतलेला पहिला आकडा. अजून दोन द्या, मध्ये काही आठवडे जाऊ देत. तिन्हीत दोन ३० च्या वर आले तर खरं धरायचं. गोळी बंद करून देऊ नका, नेहमी घेता तशीच घेत राहा.

अंत्रुजकार, १९ मे

२७!!! नॉर्मल! आज घरी बांगडे आणि सोलकढी. सुशेगाद, तुझं पाणी न पिताच आला खाली.

सुशेगाद, १९ मे

सांगत होतो ना, काही नसतं. आता लॅबचा नाद सोड.

वैद्यबुवा, १९ मे

बांगडे जरूर खा, मीठ जरा बेताने. पण ४२ वरून २७ ला 'उतरला' म्हणू नका. या तपासणीत आकडा दुप्पट झाला किंवा निम्मा झाला तरच बदल खरा मानायचा, एवढा तिचा रोजचा हेलकावा असतो. ४२ आणि २७ हा एकाच माणसाचा मंगळवार आणि गुरुवार असू शकतो. ३० ही काही भिंत नाही की २९ ला मूत्रपिंड धड आणि ३१ ला बिघडलेलं. तिसरा नमुना द्या.

तिखटमीठ, २० मे

माझा ११ आला, पाळी संपल्यावर थांबून दिला होता. पण आईचा घोळ झालाय. वय ७८, वजन ४४ किलो, बीपी आहे. अल्ब्युमिन फक्त १८, क्रिएटिनिन ४२, रेशो ४३. आणि भाऊ रोज जिमला जातो, दंड एवढे मोठे. त्याचं अल्ब्युमिन ६०, क्रिएटिनिन २६०, रेशो २३. अल्ब्युमिन त्याचं तिप्पट आणि आजारी ठरली आई? हे कसं?

लॅबवाली_म्हापसा, २० मे

ही या भागाकाराची खरीखुरी दुखरी जागा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तुमच्या आईचे स्नायू कमी, म्हणून भाजक लहान आणि रेशो फुगलेला. भावाचे स्नायू जास्त, म्हणून रेशो दबलेला. आणि भावाने जिमच्या दुसऱ्याच दिवशी दिली असेल तर त्यात आणखी गोंधळ. आईचा पहाटेच्या लघवीवर पुन्हा करून घ्या. पण ४३ आला तर त्यातला किती मूत्रपिंडाचा आणि किती कमी स्नायूंचा, हे मी सांगू शकत नाही.

वैद्यबुवा, २० मे

मीही नाही. अशा वेळी मी एका आकड्यापेक्षा त्याच माणसाचे सहा-आठ महिन्यांतले आकडे शेजारी ठेवून बघतो. स्नायू तेच असतात, त्यामुळे त्याची तुलना त्याच्याशीच होते. २४ तासांची लघवी उपयोगी पडते ती इथे, सुशेगाद. पण ७८ वर्षांच्या बाईला दिवसभर कॅन घेऊन बसवायचं का, हे घरच्यांनी ठरवावं.

अंत्रुजकार, ११ जुलै

तिसरा नमुना जवळजवळ वाया गेला होता. रविवारी पहाटे घेतला, लॅब बंद, म्हणून फ्रीजमध्ये ठेवला. बायकोने सोलकढीच्या भांड्याशेजारी ठेवू दिला नाही, मग डब्यात डबा घालून खालच्या कप्प्यात. रात्री पाऊस असा कोसळला की बारापासून सकाळी सातपर्यंत वीज नाही. फ्रीज उघडला तर बर्फाचं पाणी. फेकून दिला आणि नवी डबी आणून काल पहाटे पुन्हा घेतला, वीस मिनिटांत पोचवला. अल्ब्युमिन ५७, क्रिएटिनिन १४६, रेशो ३९.

लॅबवाली_म्हापसा, ११ जुलै

फेकलात ते चांगलं केलंत. नीट थंड फ्रीजमध्ये आठवडाभरही टिकतो, पण सात तास बंद फ्रीजमध्ये आत किती गरम झालं कोणाला माहीत. लोक असा नमुना आणतात आणि वीज गेल्याचं सांगत नाहीत, मग आम्ही यंत्राला दोष देत बसतो.

अंत्रुजकार, १४ जुलै

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ४२, २७, ३९. तीनात दोन वर, मध्ये तीन महिन्यांहून जास्त काळ. म्हणाले, मध्यम वाढ आहे आणि ती टिकून आहे. घरचं बीपीही सरासरी १४४/९० भरत होतं. अॅम्लोडिपिन ठेवलंच आणि टेल्मिसार्टन ४० जोडली. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला सांगितलंय. क्रिएटिनिन थोडं चढलं तर घाबरून गोळी बंद करायची नाही म्हणाले. हे मला उलटंच वाटलं. मूत्रपिंडासाठी गोळी आणि क्रिएटिनिन वाढणार?

वैद्यबुवा, १४ जुलै

ती गोळी गुच्छाच्या बाहेरच्या दाराची वाहिनी सैल करते. आतला दाब उतरतो, गळती कमी होते, आणि गाळण्याचा वेगही थोडा घटतो. म्हणून क्रिएटिनिन जरा चढतं. मूळच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढ आम्ही खपवून घेतो, त्याहून जास्त असेल तर कारण शोधतो. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवा. कमी सोडियमचं मीठ वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यात पोटॅशियम असतं. आणि शहाळ्यांची चैन सध्या जरा आवरा.

सुशेगाद, १४ जुलै

बीपीची गोळी तर बीपीसाठीही बदललीच असती. मग चार वेळा डबी भरून मिळवलं काय?

वैद्यबुवा, १५ जुलै

प्रश्न रास्त आहे. बीपी १४४ असताना औषध वाढवायचंच होतं. पण कोणतं वाढवायचं, ते या डबीने ठरवलं. ३९ नसता तर कदाचित अॅम्लोडिपिनच १० केली असती. इतक्या कमी आकड्यावर कोणी डॉक्टर वेगळं ठरवेल, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

अंत्रुजकार, १५ जुलै

पुढची एसीआर ऑक्टोबरात. तोपर्यंत दसरा आहे, दिवाळीचा नरकासुर आहे, पण ढोल नाही. लॅबवाली ताई, नरकासुर ओढत नेणं व्यायामात धरायचं का?

लॅबवाली_म्हापसा, १५ जुलै

धरायचं. नमुना त्याच्या आधी द्या.